गरम बांगडाही बाधतो: नाजूक पोट घेऊन कोकणात गाडीवर खाताना

नाजूक पोट घेऊन कोकणात निघालं की जो तो एकच सल्ला देतो: "गरम गरम खा, काही होत नाही." हा सल्ला अर्धाच खरा आहे. उरलेल्या अर्ध्याने मला एकदा मालवणच्या बाजूला आडवं केलं होतं, त्यामुळे मी जरा चिडूनच लिहितो आहे. ओआरएसची पाकिटं, पाण्याची बाटली, नेहमीच्या गोळ्या तुम्ही घेतल्याच असतील. ते सोडून पुढे जाऊ.

पहिल्या दिवशी मासे खाऊ नका. घावणे किंवा आंबोळी घ्या, तव्यावरून थेट ताटात पडणारी. सोबत काळ्या वाटाण्याचं सांबारं घ्या, पण वाटी भरण्याआधी "जरा उकळी येऊ द्या" म्हणा. नुसतं कोमट केलेलं सांबारं सकाळपासून तिथेच बसलेलं असतं. गाडीवाल्याला या मागणीचा राग येत नाही. आलाच, तर पुढची गाडी बघावी.

ओल्या खोबऱ्याची चटणी आणि चिरून ठेवलेला कांदा मात्र ताटात घेऊ नका. घावणा तापला, चटणी तापली नाही. खोबरं वाटताना जे पाणी घातलं तेच तुमच्या पोटात जाणार, आणि कोकणच्या दमट दुपारी ओलं खोबरं दोन-चार तासांत उतरतं. वडापावाबरोबरची सुकी लसणाची चटणी चालते. तिच्यात पाणी नसतं.

सोलकढीचंही तेच, पण इथे लोक वाद घालतात. "कोकम पाचक असतं हो." कोकम असेल पाचक, सोलकढी म्हणजे न तापवलेलं नारळाचं दूध आहे. त्यात पडणारं आगळ रंगापुरतं आणि चवीपुरतं असतं, जंतू रोखण्याइतकं नव्हे. घरी डोळ्यांदेखत नारळ खवून काढलेली सोलकढी मी आनंदाने पितो. गाडीवरच्या स्टीलच्या पिंपातली, वर बर्फाचा खडा तरंगणारी, पीत नाही. बंदराच्या गावात बर्फ बहुधा माशांसाठी पाडलेल्या लादीचा असतो. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळसर रंग घालावा असा नियम आहे, पण पांढरा दिसला म्हणून तो खाण्याचाच असेल असं मी धरून चालत नाही. तहान लागली तर शहाळं घ्यावं, समोर फोडलेलं.

आता बांगडा.

घडलं ते असं. संध्याकाळची वेळ, किनाऱ्यावरची एक गाडी, तव्यावर चर्र वाजणारा बांगडा. बाहेरून कुरकुरीत, आत काट्यापर्यंत शिजलेला. चटणी नाही, कांदा नाही, बर्फ नाही. माझे सगळे नियम पाळले होते. वीसेक मिनिटांत कान तापले, चेहरा लालबुंद झाला, छातीत धडधडायला लागलं, डोकं ठणकायला लागलं आणि मग जुलाब लागले. मला वाटलं, माशांची ॲलर्जी झाली. त्यानंतर दोन वर्षं मी मासे सोडले. कोकणात जाऊन मासे न खाता परत येणं म्हणजे काय ते सांगत बसत नाही. पुढे एका डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला: "त्याच तव्यावरचा मासा खाल्लेल्या आणखी कुणाला झालं होतं का?" झालं होतं. बरोबरच्या मित्रालाही तसंच, थोडं कमी. ॲलर्जी ज्याची त्याला असते, ती दोघांना एकाच ताटातून सहसा होत नाही. हा हिस्टामीनचा प्रकार होता.

बांगडा, सुरमई, कुपा, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा मेल्यावर उन्हात किंवा नुसत्या हवेवर राहिला, तर त्याच्यावरचे जंतू या हिस्टिडीनचं हिस्टामीन करतात. उकाड्यात त्याला काही तास पुरतात. खरी मेख पुढे आहे: तळल्याने जंतू मरतात, हिस्टामीन जसंच्या तसं राहतं. उकळा, भाजा, नंतर बर्फात घाला, ते जात नाही. म्हणजे जो मासा बोटीवर चार तास बर्फाविना पडला होता, तो तव्यावर कितीही कडक केला तरी बाधू शकतो. हळद, लिंबू, आगळ यांनीही हिस्टामीन जात नाही. "वरून लिंबू पिळ" असं सांगणाऱ्याला माझ्याकडे पाठवा.

आणि हे वासावरून नक्की कळत नाही. सडका मासा कुणीही ओळखतो, पण हिस्टामीन त्याआधीच वाढलेलं असू शकतं. कधी कधी जिभेला मिरीसारखी चुरचुर जाणवते. तसं वाटलं की तोंडातला घास काढून टाकावा, पैसे द्यावे आणि उठावं. बांगड्याच्या तिखल्यात मात्र तिरफळ असतं आणि तिरफळानेच जीभ बधिर होते, मग ही एकुलती एक खूणही हाती राहत नाही. म्हणून अनोळखी ठिकाणी तिखलं नाही, तळलेला बांगडाच खावा, आणि तोही पुढची तपासणी करून.

गाडीवर माशांना आधीच लाल मसाला चोपडलेला असतो. त्याखाली डोळे दिसत नाहीत, कल्ले दिसत नाहीत, पोट फुगलं आहे की फाटलं आहे ते कळत नाही. मसाला लावलेल्या माशांचं ताट बघून निवड करणारे बघितले की मला हसू येतं. तुम्ही सरळ म्हणा, "बिनमसाल्याचा एक दाखवा, त्यालाच मसाला लावा." पेटी उघडली की आधी माशाकडे नाही, बर्फाकडे बघा. मासे बर्फाच्या चुऱ्यात पुरलेले हवेत. वितळलेल्या गढूळ पाण्यात तरंगत असतील तर तिथेच नमस्कार. बर्फ ठीक असेल तर एक बांगडा हातात घ्या. डोळा फुगीर आणि चकचकीत, कल्ला उचलल्यावर लालभडक, शेपटीकडून आडवा धरला तर ताठ. डोळा खोल गेलेला, कल्ला तपकिरी, अंग लुळं, तर नको. हे सगळं जमलं तरी ते शंभर टक्के प्रमाणपत्र नव्हे. बोटीवर काय झालं ते डोळ्याला दिसत नाही. पण लुळा मासा टाळला तरी बराचसा धोका टळतो.

"ताजो आसा ओ, सकाळीच इलो," असं उत्तर मिळतं. खरंही असतं. पण सकाळी आलेला मासा संध्याकाळी सातला बारा तासांचा झाला, तो त्यातले किती तास बर्फात होता हा माझा प्रश्न असतो. म्हणून मी विचारतो, "खंयच्या बंदराचो?" गावाजवळचं बंदर सांगितलं आणि लिलावाची वेळ जुळली तर बरं. दापोलीजवळ हर्णैला संध्याकाळी लिलाव होतो. लिलाव बघून आलात तर कोणता मासा आज खरोखर आला हे गाडीवाल्याआधी तुम्हाला ठाऊक असतं.

वारही बघा. कोकणात बरीच घरं सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी मासे खात नाहीत, बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी खातात. गिऱ्हाईक गावचं असलं की पेटी रिकामी होते. शनिवार-रविवारची पर्यटकांची झुंबड ओसरल्यावर सोमवारी दुपारी उरलेल्या पेटीतला बांगडा मी फुकट दिला तरी घेत नाही. "गर्दी असेल तिथे खा" हाही सल्ला त्यामुळे अपुरा पडतो. गर्दी गावकऱ्यांची आहे की माझ्यासारख्यांची, ते बघावं लागतं.

आणि १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. बिगरयांत्रिक होड्या जातात, पण त्यांचा मासा थोडा असतो. त्या दोन महिन्यांत गाडीवर भरभरून सुरमई मिळत असेल तर ती बहुधा बाहेरून आलेली किंवा साठवणीतली. नीट गोठवलेली असली तर बिघडत नाही, पण नाजूक पोटाने त्या दिवसांत काजूच्या उसळीकडे वळावं.

बांगड्याशिवायही मासे आहेत. पापलेट, बोंबील आणि कोळंबी यांच्यात हा हिस्टामीनचा त्रास सहसा होत नाही. ती ताजी मात्र लागतातच, बोंबील तर फार लवकर ढासळतो. दुसऱ्या दिवशी मी नेहमी यांच्यापासून सुरुवात करतो. मांदेली लहानशी म्हणून निरुपद्रवी वाटते, पण ती अँचोव्हीच्या कुळातली आहे, तिला बांगड्याच्याच रांगेत बसवा. तिसऱ्या आणि कालवं मी गाडीवर खातच नाही. ती पाणी गाळून जगतात, आणि खाडीत जे असेल ते त्यांच्या पोटात असतं.

एकदा माझा भाऊ तारकर्लीला आला होता, पोट माझ्यापेक्षा हळवं. शुक्रवार होता. पहिल्या गाडीवर पेटीत पाणी, सोडली. दुसरीवर बर्फ चांगला, पण दाखवलेल्या बांगड्याचा कल्ला तपकिरी. गाडीवाली म्हणाली, "काय होऊचा नाय." आम्ही तिथेच कोळंबी मागितली. ती समोर सोलली, मसाला लावला, तव्यावर वळून घट्ट आणि अपारदर्शक होईपर्यंत ठेवायला सांगितलं. भाऊ भाकरीबरोबर जेवला, कांदा बाजूला सारला, रात्री शांत झोपला. बांगडा त्याला रविवारी मिळाला, तिसऱ्या गाडीवर.

तरी चुकून झालंच, तर आधी ओळखा कशाने झालं. खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तास-दोन तासांत चेहरा तापला, अंगाला खाज सुटली, धडधड झाली, तर हिस्टामीन समजा. बहुधा एका दिवसात उतरतं. डॉक्टर ॲलर्जीवरची गोळी देतात, म्हणून ती कोणती आणि किती हे निघण्याआधीच विचारून ठेवा. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, चक्कर आली तर वाट न बघता रुग्णालय गाठा, तिथे खरी ॲलर्जीही असू शकते. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी नुसते जुलाब लागले तर ते बहुधा चटणी-बर्फाचं काम. मग ओआरएस, पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात. एक लिटरचं पाकीट एका पेल्यात कालवणारे मी पाहिलेत, त्याने जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. शौचात रक्त, अंगात ताप किंवा लघवी बंद असेल तर जुलाब थांबवायच्या गोळ्या घेऊ नका, दवाखान्यात जा.

आणि उतरलात त्या घरच्या मावशींना उकड्या तांदळाची पेज मागा, मीठ घालून. त्या विचारतील, "काय खाल्लास काल?" खरं सांगा. पुढच्या खेपेला गाडी कोणती टाळायची ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.