एक्स डेटच्या आधी शॉर्ट कॉल तसाच सोडताय? या चुका टाळा

एनएसईवर स्टॉक ऑप्शन 2011 पासून युरोपियन स्टाईलचे आहेत, म्हणजे एक्सपायरीच्या आधी कोणी एक्सरसाइज करू शकत नाही, आणि तीच सवय घेऊन लोक अमेरिकन शेअरचे कॉल विकायला जातात. तिथे समोरचा कधीही एक्सरसाइज करू शकतो, आणि डिव्हिडंडच्या एक्स डेटच्या आदल्या दिवशी तर बऱ्याचदा करतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे स्प्रेडचा "मॅक्स लॉस" स्क्रीनवर दिसतो तेवढाच धरणं. समजा शेअर 110 डॉलरला आहे, तुम्ही 100 चा कॉल विकलाय, 105 चा घेतलाय, उद्या एक्स डेट आहे आणि डिव्हिडंड 0.75. रात्री 100 चा कॉल असाइन झाला की सकाळी तुमच्या खात्यात 100 शेअर शॉर्ट दिसतात आणि डिव्हिडंडचे 75 डॉलर तुमच्याच खिशातून जातात. मग तुम्ही घाईने 105 चा कॉल एक्सरसाइज करता, शेअर मिळतात, पण डिव्हिडंड नाही कारण तारीख उलटून गेली! 500 चा लॉस 575 होतो (सुरुवातीला मिळालेला प्रीमियम वेगळा). आदल्या दिवशी तोच स्प्रेड साधारण 5 डॉलरला, म्हणजे 500 मध्येच बंद झाला असता. आणि असाइन झालातच तर लाँग कॉल लगेच एक्सरसाइज करू नका, आधी त्यात टाइम व्हॅल्यू उरलीय का बघा, उरली असेल तर तो विकून बाजारातून शेअर घेतलेले परवडतात.

असाइन होणार का हे कसं ओळखायचं? लोक डेल्टा बघत बसतात, मी तर त्याच स्ट्राइकचा पुट बघतो. कॉल इन द मनी असेल आणि पुट डिव्हिडंडपेक्षा स्वस्त असेल तर कॉलवाल्याला थांबण्यात काही अर्थच उरत नाही. वरच्या केसमध्ये 100 चा पुट 5 सेंटला असेल तर 75 सेंट सोडून कोण बसेल? पुट एक डॉलरला असता तर तो बहुतेक थांबला असता. थोडं व्याजही यात येतं, पण एक्सपायरी आठवड्यावर असेल तर ते किरकोळ.

तारखेचा घोळही खूप जण करतात. पेमेंट डेट बघायचीच नाही, एक्स डेटच्या आदल्या ट्रेडिंग दिवशी मार्केट बंद व्हायच्या आत पोझिशन बंद किंवा रोल करायची. एक्स डेटला सकाळी उठून "आता बघू" म्हणालात तर उशीर झालेला असतो, असाइनमेंट रात्रीतच लागलेली असते, फक्त कळते सकाळी.

"माझे एक-दोनच लॉट आहेत, माझ्यावर कशाला येईल" हेही नको. क्लिअरिंग हाऊस ब्रोकर रँडम निवडतं, ब्रोकर पुढे त्याच्या नियमाने ग्राहक निवडतो, त्यात लहान-मोठा बघत नाहीत.

कव्हर्ड कॉलवाल्यांचं तसं हलकं आहे, शेअर हातात असल्यामुळे 75 डॉलर भरावे लागत नाहीत, पण शेअर आदल्या रात्रीच गेलेले असतात त्यामुळे डिव्हिडंडही मिळत नाही.