श्रवणपाठाचे नियोजन करताना या चुका टाळा

दुसरी भाषा म्हणून मराठी शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांची पाठटिपणे मी अनेक वर्षे तपासत आलो आहे. श्रवणपूर्व, श्रवणाच्या वेळचे आणि श्रवणोत्तर असे तीन रकाने बहुतेकांनी नीट आखलेले असतात. परंतु त्या रकान्यांत जे भरलेले असते, त्यात विद्यार्थ्याने ऐकण्याची गरजच उरलेली नसते.

ही चूक मी स्वतःही केली आहे. दोन मिनिटांचे एक ध्वनिमुद्रण होते: एक बाई दंतवैद्याच्या दवाखान्यात फोन करून भेटीची वेळ बदलून घेते. चाळीस मिनिटांच्या तासातली पंचवीस मिनिटे मी श्रवणपूर्व कृतींना दिली, चौदा शब्द फळ्यावर लिहिले आणि विद्यार्थ्यांना गोंधळायला होऊ नये म्हणून संभाषणाचा सारांशही सांगून टाकला. सहापैकी सहा उत्तरे बरोबर आली आणि मी समाधानाने तास संपवला. मागे बसलेल्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी तीच प्रश्नपत्रिका आणि तोच सारांश दुसऱ्या तुकडीला दिला, मात्र ध्वनिमुद्रण ऐकवलेच नाही. त्या तुकडीची पाच उत्तरे बरोबर आली. माझ्या पाठात ऐकण्याचे काम एकाच प्रश्नापुरते होते, हे त्या दिवशी मला कळले.

तेव्हापासून प्रत्येक प्रश्नसंच मी आधी ध्वनिमुद्रण न ऐकलेल्या एखाद्याला सोडवायला देतो आणि जे उत्तर केवळ तर्काने येते, तो प्रश्न काढून टाकतो. श्रवणपूर्व भागाला आठ मिनिटांपेक्षा जास्त वेळ देत नाही. कोण कोणाशी आणि कुठून बोलत आहे एवढे सांगतो, ज्यांच्यावाचून अर्थच लागणार नाही असे तीन-चार शब्द देतो आणि पुढे काय घडेल याचा अंदाज विद्यार्थ्यांनाच बांधायला लावतो. त्यांचा अंदाज चुकला तरी चालतो, कारण तो पडताळण्यासाठी ते कान देऊन ऐकतात.

ऐकवून झाल्यावर प्रश्न वाटू नयेत; त्यातून श्रवणाची नव्हे, स्मरणाची परीक्षा होते. ऐकता ऐकता पूर्ण वाक्ये लिहायला लावू नयेत. खूण करणे किंवा एखादा शब्द लिहिणे पुरते. दर वाक्याला ध्वनिमुद्रण थांबवण्याची सवय तर मला अजिबात मान्य नाही. पहिल्यांदा ते सलग ऐकवावे आणि फोन कशासाठी केला एवढेच विचारावे. तपशील दुसऱ्या वेळेस.

दुसरी मोठी चूक उत्तरे तपासताना होते. शिक्षक बरोबर उत्तर सांगतो, विद्यार्थी खाडाखोड करतात आणि तास पुढे सरकतो. घाईत असलेल्या शिक्षकाला हे सोयीचे वाटते, पण ऐकणे कुठे फसले ते त्यातून कळत नाही. त्याच ध्वनिमुद्रणात दवाखान्यातली मुलगी म्हणते, “सहाला दवाखाना बंद होतो, पावणेसहाला आलात तर चालेल.” भेटीची नवी वेळ म्हणून अर्ध्या वर्गाने ‘सहा’ लिहिले. मी बरोबर उत्तर सांगितले नाही. तेवढेच वाक्य तीनदा ऐकवले आणि जे ऐकू आले ते जसेच्या तसे लिहायला सांगितले. काहींनी दोन्ही ठिकाणी ‘सहाला’ लिहिले होते, म्हणजे ‘पावणे’ त्यांच्या कानावरून निसटले होते. काहींनी ‘पावणेसहा’ अचूक लिहिले, पण विचारल्यावर त्याचा अर्थ सव्वासहा असा सांगितला. उरलेल्यांनी वाक्य पूर्ण आणि अर्थासह लिहिले. पहिल्यांदा मात्र ‘सहा’ कानी पडताच उत्तर मिळाले असे समजून त्यांनी ऐकणे थांबवले होते.

चुकीचे उत्तर एकच असले तरी कारणे तीन निघाली आणि उपायही तीन करावे लागले. पहिल्या गटाला सहा, सव्वासहा आणि पावणेसहा यांचे तुकडे पाठोपाठ ऐकवून फरक ओळखायला लावले. दुसऱ्या गटाला घड्याळ काढून अर्थ शिकवला, कारण त्यांचे कान ठीक होते, शब्द ठाऊक नव्हता. तिसऱ्या गटाला पुढच्या ध्वनिमुद्रणात आलेल्या सगळ्या वेळा टिपून मग त्यांतली एक निवडण्याचे काम दिले.

संहिता मी या तपासणीनंतरच हाती देतो. आधी दिली तर डोळे कानांचे काम करतात. नंतर दिली तर ऐकलेले आणि लिहिलेले यांतले अंतर दिसते. पाठ्यपुस्तकात ‘यायचे आहे’ शिकलेल्या विद्यार्थ्याला बोलण्यातले ‘यायचंय’ नवाच शब्द वाटतो, आणि तो त्याने संहितेत अधोरेखित केला की पुढच्या तासाचे काम मला आयतेच मिळते.

श्रवणोत्तर कृती म्हणून ‘माझा दवाखान्यातला अनुभव’ असा निबंध देऊ नये. तो काहीही न ऐकता लिहिता येतो. मी फोन करणाऱ्या बाईच्या घरच्यांसाठी दोन ओळींचा निरोप लिहायला सांगतो: जुनी वेळ कोणती, नवी कोणती आणि बदल का झाला. तो निरोप शेजारच्या विद्यार्थ्याने वाचायचा आणि त्यातली वेळ खरी आहे का, हे ध्वनिमुद्रण शेवटचे एकदा ऐकून ठरवायचे.