नव्या आयपॅडवर स्क्रीनशॉट: माझा अनुभव

इंदूरला आमच्या भजनी मंडळाच्या चाली मी आयपॅडवर लिहून ठेवते आणि स्क्रीनशॉट काढून सगळ्यांना पाठवते. जुन्या आयपॅडला खाली गोल होम बटण होतं. ते आणि वरचं बटण एकदम दाबून सोडलं की काम व्हायचं.

नवा दहाव्या पिढीचा आयपॅड आला, त्याला होम बटणच नाही. वरचं बटण आणि आवाजाचं कुठलंही एक बटण एकाच वेळी दाबायचं, एवढं कळलं, पण जमेना. कधी आवाजाची पट्टी दिसायची, कधी स्क्रीन काळी व्हायची. म्हणजे एक बोट आधी पडत होतं. मग सावकाश, घट्ट धरून पाहिलं, तर बंद करण्याची पट्टी आली!

खरी गोम सोडण्यात आहे. आयपॅड टेबलावर ठेवला, दोन्ही बोटं बटणांवर नुसती टेकवली, एकदम दाबली आणि लगेच उचलली. स्क्रीन लखकन चमकली, डाव्या कोपऱ्यात खाली छोटं चित्र आलं. त्यावर टॅप करून कडा कापता येतात. हात लावला नाही, तर ते आपोआप फोटोंमध्ये जातं.

‘काकू, चाल मिळाली!’ असा शेजारच्या सुनेचा निरोप आला, तेव्हा फार बरं वाटलं.