बोअरचा पंप किती एचपीचा घ्यावा आणि टाकी किती मोठी बांधावी

दुकानात पहिला प्रश्न येतो, "बोअर किती फुटांची?" दोनशे फूट म्हटलं की दीड किंवा दोन एचपीचा पंप समोर ठेवला जातो. पण पंपाची निवड बोअरच्या खोलीवर ठरत नाही. पाणी किती फुटांवरून उचलायचं आणि झरा मिनिटाला किती लिटर देतो, हे दोन आकडे हवेत. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी खडकाच्या भेगांमधून येतं आणि पुष्कळदा बेतानंच येतं. तिथे मोठा पंप जास्त पाणी देत नाही, असलेलं पाणी लवकर संपवतो.

आधी बोअर मोजा

बोअर मारताना "दोन इंच पाणी लागलं" असं सांगतात. तो अंदाज कॉम्प्रेसरने उसळलेल्या पाण्याचा असतो, पंपासाठी तो धरू नये. मोजमाप शक्यतो एप्रिल-मेमध्ये करा.

दोरीला वजन बांधून सोडा आणि ओली झालेली खूण पाहा. पंप बंद असतानाची ही पातळी. मग प्लंबरचा तात्पुरता पंप उतरवून पाणी तुटेपर्यंत चालवा. पाणी तुटलं की पंप बंद करा, बोअर थोडी भरू द्या, आणि गेट व्हॉल्व्ह बराचसा आवळून पुन्हा सुरू करा. धार न तुटता दोन-तीन तास एकसारखी राहील इतका व्हॉल्व्ह उघडा ठेवा. त्या धारेखाली २०० लिटरचं पिंप ठेवून घड्याळ लावा. पिंप २० मिनिटांत भरलं, तर झरा मिनिटाला १० लिटरचा. दिवाळीच्या सुमारास मोजत असाल, तर उन्हाळ्यासाठी निम्माच आकडा धरणं शहाणपणाचं.

एक हिशेब मांडून पाहू

दोन मजल्यांचं घर, दहा माणसं. माणशी रोज १३५ लिटर धरले, तर १,३५० लिटर लागतात. बोअर साडेसहा इंची, २०० फूट खोल. मेमध्ये पाणी ९० फुटांवर, झरा मिनिटाला १० लिटरचा, आणि मुख्य भेग १६५ फुटांवर.

पंप १५० फुटांवर टांगायचा आणि पातळी १४० फुटांच्या खाली जाऊ द्यायची नाही. म्हणजे सर्वांत जास्त उचल १४० फूट. जमिनीवरून टाकीच्या तोंडापर्यंतचे ५ फूट आणि सव्वा इंची पाइपातल्या घर्षणाचे, वळणांचे १० फूट मिळवा. एकूण १५५ फूट, म्हणजे साधारण ४७ मीटर. यालाच हेड म्हणतात. पंप चालू केला त्या क्षणी पाणी ९० फुटांवरच असतं, तेव्हा हेड सुमारे ३२ मीटर भरतं. पंपाच्या पाटीवर छापलेल्या हेडच्या कक्षेत हे दोन्ही आकडे बसले पाहिजेत. कमी हेडवर पंप गरजेपेक्षा जास्त पाणी फेकतो आणि मोटर जास्त करंट ओढते.

आता एचपी. मिनिटाचे लिटर गुणिले मीटरमधलं हेड, भागिले ४,५००. ४७ मीटरवर २५ लिटर हवं असेल, तर ०.२६ येतात. ही झाली पाण्याला मिळायला हवी ती शक्ती. घरगुती लहान पंप मोटरच्या शक्तीचा तिसरा हिस्सा ते चाळीस टक्केच पाण्यापर्यंत पोहोचवतो. म्हणून लागतो पाऊण एचपी, फार तर एक. मॉडेल ठरवताना कंपनीचा तक्ता मागा आणि ४७ मीटरच्या रकान्यात २५ लिटरच्या आसपास आकडा आहे का, ते बघा.

पंपाचा हा वेग झऱ्यापेक्षा जास्त आहे, तरी चालतं, कारण बोअर स्वतःच एक उभी टाकी आहे. साडेसहा इंची बोअरमध्ये फुटाला सुमारे साडेसहा लिटर पाणी मावतं. ९० ते १४० फुटांमधल्या ५० फुटांत सव्वातीनशे लिटर. पंप सरासरी मिनिटाला ३० लिटर ओढेल. झरा मात्र पातळी खाली गेल्यावरच पूर्ण १० लिटर देतो, म्हणून त्याची भर सरासरी ५ धरा. मिनिटाला २५ लिटर घट, म्हणजे १३ मिनिटांत साठा संपतो. पंप १० मिनिटं चालवून ५० मिनिटं विश्रांती दिली, तर प्रत्येक फेरीत ३०० लिटर मिळतात आणि दिवसाच्या पाच फेऱ्यांत १,५०० लिटर. टायमर लावला की हे काम माणसावर राहत नाही. दोन एचपीचा पंप हाच साठा पाच-सहा मिनिटांत उपसून कोरडा चालला असता.

कोरडं चालणं अॅम्पिअर मीटरवर ओळखता येतं. पाणी तुटलं की काटा नेहमीपेक्षा खाली येतो. ड्राय-रन प्रिव्हेंटर याच खुणेवर पंप बंद करतो, तेव्हा पॅनेलमध्ये तो जरूर घ्या. उलट काटा चढला, तर गाळाने पंप जाम होतोय किंवा व्होल्टेज कमी आहे.

पंप कुठे टांगायचा

या पंपात मोटर खाली असते आणि पाणी ओढणारी जाळी तिच्या वर. वाहतं पाणी मोटरच्या अंगावरून वर जातं आणि तिला थंड ठेवतं. म्हणूनच वरच्या हिशेबात पंप भेगेच्या वर आहे. भेगेच्या खाली टांगला, तर पाणी वरूनच जाळीत शिरतं आणि मोटर साचलेल्या पाण्यात तापत राहते. तसं करावंच लागलं, तर मोटरभोवती पाइपाचं जॅकेट बसवून पाणी खालून फिरवावं लागतं. तळापासून निदान १५ फूट मोकळे ठेवा, तिथे गाळ बसतो. वॉटर फिल्ड मोटर असेल, तर उतरवण्याआधी तिच्यात स्वच्छ पाणी भरून हवा काढायला विसरू नका.

जमिनीखालची टाकी

बोअर तासाला ३०० लिटर देते, सकाळी आठ वाजता घर त्याच्या दुप्पट मागतं. ही तफावत टाकी भरून काढते. वीज गेली किंवा पंप वर काढावा लागला, तर दोन दिवस निभावेत म्हणून दोन दिवसांचं पाणी, २,७०० लिटर, धरा. आतून दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि १.८ मीटर खोल टाकीत ४,००० लिटर मावतात असं वाटेल. पण तळाचे १५ सेंटिमीटर गाळाचे आणि वरचे ३० सेंटिमीटर ओव्हरफ्लोचे वजा करा. उरतात १.३५ मीटर, म्हणजे सुमारे ३,००० लिटर. तळाला एका कोपऱ्याकडे उतार आणि तिथे लहान खड्डा ठेवला की सफाई सोपी होते. झाकणाची चौकट आजूबाजूच्या फरशीपेक्षा १५ सेंटिमीटर उंच घ्या, नाहीतर पहिल्याच पावसात अंगणातलं पाणी आत उतरेल.

टाकीतून गच्चीवर पाणी चढवायला वेगळा पंप लागतो. उरलेला बोअरचा पंप टाकीत आडवा टाकण्याची चूक सर्रास होते. उघड्या टाकीत पाणी चारी बाजूंनी थेट जाळीत जातं, मोटरच्या अंगावरून काहीच वाहत नाही आणि वाइंडिंग जळतं. शिवाय त्याला हवं तेवढं हेडही मिळत नाही. इथे ओपनवेल सबमर्सिबल घ्यावा, तो तळावर बसण्यासाठीच केलेला असतो. ३० फुटांवरच्या टाकीसाठी १२ ते १५ मीटर हेड धरा, अर्धा एचपी पुरतो. टाकीत फ्लोट स्विच अशा उंचीवर लावा, की पाणी पंपाच्या जाळीखाली जाण्याआधी तो बंद होईल.