सरासरी बरोबर, लॉट मात्र फसलेला: आठव्या आठवड्यापासून अंड्यावर येईपर्यंत

कोंबडीची पिल्लं आठ आठवड्यांची झाली, मर थांबली, की नवीन माणूस सुटकेचा श्वास सोडतो. आता काय, खाद्य, पाणी आणि लसी! पण लेअरचा, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांचा, लॉट बहुतेक वेळा फसतो तो याच शांत काळात, आणि ते कळतं अंडी सुरू झाल्यावर. तेव्हा हातात फारसं काही उरलेलं नसतं.

मला गोत्यात आणलं ते वजन करण्याच्या पद्धतीनं. मला शिकवणाऱ्या सुपरवायझरची रीत सोपी होती: क्रेटमध्ये दहा पक्षी भरायचे, क्रेट काट्याला लावायचा, आलेल्या आकड्याला दहानं भागायचं आणि वहीत लिहायचं. काम झटपट होतं, पक्षी फार दमत नाहीत आणि वही सुंदर दिसते. फक्त त्यातून लॉट एकसारखा आहे की नाही, हे कधीच कळत नाही. हे जरा सविस्तर सांगतो, कारण आजही अनेक शेडमध्ये हेच चालतं.

पांढऱ्या जातीचा लॉट आहे, वय 17 आठवडे, कंपनीच्या तक्त्यात वजन 1200 ग्रॅम, असं धरा. शंभर पक्षी एकेक करून तोलले आणि सरासरी आली 1205. खूश? थांबा. आता सरासरीच्या दहा टक्के खाली आणि दहा टक्के वर अशा दोन रेघा मारा, म्हणजे साधारण 1085 आणि 1325. या दोन रेघांच्या आत किती पक्षी आहेत ते मोजा. समजा 66 निघाले. खाली राहिले 18, त्यांची सरासरी 1035. वर गेले 16, त्यांची सरासरी 1395. म्हणजे एकसारखेपणा 66 टक्के. तो 80 च्या वर हवा. 85 च्या पुढे असेल तर लॉट उत्तम. पाच हजारांच्या शेडमध्ये हाच हिशेब लावला तर साधारण नऊशे पक्षी बारीक आहेत.

आता हेच शंभर पक्षी दहा-दहा करून क्रेटमध्ये तोला. बारीक आणि जाड एकमेकांची भरपाई करतात, आणि बहुतेक क्रेट पावणेबारा ते साडेबारा किलोच्या आत भरतात. वहीत सगळा लॉट एका साच्यातून काढल्यासारखा दिसतो. ते नऊशे पक्षी कुठेच दिसत नाहीत.

म्हणून पक्षी एकेकटाच तोलायचा. दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, सकाळी खाद्य टाकण्याआधी. पोट्यात खाद्य भरलेलं असलं की आकडा फुगतो. आणि धावून पक्षी पकडू नका, हातात नेहमी सुस्त पक्षीच येतात. शेडच्या दोन-तीन जागी जाळीनं कोपरा अडवा आणि त्यात जितके आले तितके सगळे तोला, शंभर पुरे झाले म्हणून मध्येच थांबू नका. "मी नजरेनं ओळखतो" म्हणणाऱ्या जुन्या माणसांचा मला आदर आहे, पण दीडशे ग्रॅमचा फरक पिसांखाली आरामात लपतो.

हे तोलणं आठव्या आठवड्यापासूनच का, याचं उत्तर हाडांत आहे. पक्ष्याचा सांगाडा बाराव्या आठवड्यापर्यंत जवळजवळ पूर्ण होतो. त्यानंतर खाऊ घालून वजन चढतं, पण सांगाडा लहानच राहतो. चौदाव्या-पंधराव्या आठवड्यात टॉनिक देऊन "वजन काढून देतो" म्हणणारे भेटतील. काट्यावरचा आकडा कदाचित निघेलही, पण मग लहान चौकटीवर चरबी चढलेला पक्षी तुमच्या पदरात पडतो.

तर आठव्या आठवड्यात, शक्य असेल तर सगळा लॉट तोलून तीन गटांत वेगळा करा: बारीक, मध्यम, जाड. बारीक गटाला जागा थोडी सैल द्या आणि त्याचं खाद्य वयावर बदलू नका. तक्त्यातल्या वजनाला पोचेपर्यंत आधीचं, जास्त प्रोटीनचं खाद्यच चालू ठेवा. जाड गटाचं खाद्य तोडायची घाई नको. ही छाटणी एकदाच करा. दर पंधरवड्याला पक्षी इकडून तिकडे हलवले की टोचाटोची नव्यानं सुरू होते.

कारणही शोधा, नाहीतर गट करूनही फाटाफूट होतच राहील. मी आधी फीडर बघतो. खाद्य टाकल्यावर पाच मिनिटं बाजूला उभं राहा. मागे उभे राहून वाट बघणारे पक्षी दिसले तर जागा कमी आहे. जाड पक्षी आधी दाणे वेचतात आणि बारीकांच्या वाट्याला नुसता चुरा येतो. त्यासाठी दिवसातून एकदा फीडर पूर्ण रिकामा होऊ द्या. ओबडधोबड कापलेल्या चोची, आतड्याचा कॉक्सी रोग आणि जंत यांचा नंबर त्यानंतर.

आता उजेड, कारण सगळा हिशेब शेवटी तिथेच चुकता होतो. नियम सगळ्यांना पाठ असतो: वाढीच्या काळात दिवस लांबवायचा नाही, अंडी सुरू झाल्यावर कमी करायचा नाही. उघड्या शेडमध्ये अडचण सूर्याची. दिवस मोठे होत जाणाऱ्या मोसमात लॉट वाढत असेल, तर तुम्ही बल्बला हात न लावताही उजेड वाढतोच. समजा आठव्या आठवड्यात दिवस साडेअकरा तासांचा आहे आणि सतराव्या आठवड्यात तेरा तासांचा होणार आहे. मग पिल्लांचा उजेड कमी करत आणताना तेरा तासांवर थांबा आणि टायमर लावून सतराव्यापर्यंत तिथेच ठेवा. म्हणजे पक्ष्याला वाढ जाणवत नाही. दिवस लहान होत असतील तर नैसर्गिक उजेड पुरे. लॉट थोडा उशिरा येतो, इतकंच.

उजेड वाढवायचा तो वजनावर, तारखेवर नाही. पहिल्यांदा एक तास, मग दर आठवड्याला अर्धा तास, सोळा तासांपर्यंत. पण बल्ब सगळ्या शेडला एकच असतो. वरच्या 66 टक्केवाल्या लॉटला वजन "बरोबर" म्हणून उजेड वाढवला, की तयार पक्षी अंड्यावर येतात आणि त्यांच्यासोबत ते 1035 ग्रॅमवालेही ढकलले जातात. काही लवकर अंडं देतात आणि त्यांचं अंग बाहेर येतं. ते लाल दिसलं की बाकीचे टोचतात, आणि मर सुरू होते. काही महिनाभर मागे राहतात. एक गट पीकला, म्हणजे अंड्यांच्या शिखरावर, दुसरा अजून चढतोय, त्यामुळे शेडचं पीक उंच जातच नाही, पसरट होतं.

असा लॉट हातात आलाच तर घाबरू नका, लगेच उजेडही वाढवू नका. आठवडा-दोन आठवडे थांबता येतं. त्या काळात बारीक गटातले पक्षी हातात घ्या, छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरतंय का ते चाचपा. तुरा लालसर झाला आणि मागच्या दोन हाडांच्या मध्ये दोन बोटं मावायला लागली, की पक्षी जवळ आलाय. यापेक्षा जास्त थांबलात तर जाड गटावर चरबी चढते. आणि शेडमध्ये आपोआप पाच टक्के अंडी सुरू झाली असतील, तर थांबण्यात अर्थ उरत नाही. तेव्हा उजेड वाढवायला लागा, बारीक गट मधल्या पडद्यानं वेगळा ठेवता आला तर त्याचा बल्ब मागे ठेवा, आणि वजन घेणं चालूच ठेवा. अंड्यावर येतानाही पक्षी वाढत असतो. पहिल्या अंड्यानंतर वजन अडलं, तर पीक आल्यावर तो टिकत नाही.