थंडीआधी पोल्ट्री शेडचा थर्माकोल तपासा: भुंगेरे, उंदीर आणि वाळवी

थंडी सुरू होण्याआधी, बॅच गेल्यावर शेड रिकामी असते तेव्हाच भिंती आणि छताचा उष्णतारोधक थर तपासून घ्या. भिंतीच्या तळाशी पांढरा भुसा साचलेला दिसला, थर्माकोलवर दोन-तीन मिलिमीटरची गोल भोके दिसली किंवा पहाटे भिंतीच्या ठरावीक पट्ट्यांवरच दव धरत असेल, तर आतून पोखरण सुरू झाली आहे असे समजा.

बारीक भोके बहुधा पक्ष्यांखाली अंथरलेल्या गादीतल्या काळ्या भुंगेऱ्याची असतात. प्रौढ भुंगेरा सुमारे सहा मिलिमीटर लांबीचा आणि चकचकीत काळपट असतो. त्याची पिवळसर तपकिरी अळी गादीत सांडलेले खाद्य, विष्ठा आणि मेलेले पक्षी यांवर वाढते. थर्माकोल हे तिचे नेहमीचे अन्न नव्हे. कोषात जाण्यासाठी तिला कोरडी, निवांत जागा हवी असते. गादीत गर्दी झाली की ती भिंत चढते आणि मऊ फोममध्ये बोगदा काढते. पॉलियुरेथेनचा म्हणजे पीयू फोमही तिला अडवत नाही. ही कीड साल्मोनेलासारखे जंतूही एका बॅचमधून दुसऱ्या बॅचमध्ये नेते, म्हणून नुकसान नुसत्या भिंतीपुरते राहत नाही.

इथे वेळ साधणे सर्वांत महत्त्वाचे आहे. पक्षी गेले की शेड थंड होऊ लागते आणि भुंगेरे उबेच्या शोधात गादी सोडून भिंतीत, फटीत शिरतात. दोन-चार दिवसांनी फवारणी केली तर औषध रिकाम्या गादीवर पडते आणि कीड थराच्या आत सुरक्षित राहते. म्हणून पक्षी उचलल्याच्या दिवशीच, शेड उबदार असताना, पोल्ट्री शेडसाठी मान्यता असलेले कीटकनाशक गादीच्या कडा, खांबांचे बुंधे आणि भिंतीचा खालचा भाग यांवर लेबलवरील मात्रेने मारा. गादी काढायची ती त्यानंतर, आणि काढलेली गादी शेडलगत ढीग करून ठेवू नका, नाहीतर भुंगेरे परत येतील. रॉकेल किंवा थिनर मिसळलेले काहीही थर्माकोलवर मारू नका, तो विरघळतो.

आता उंदीर. घरातला लहान उंदीर सहा मिलिमीटरच्या फटीतून आत जातो, मोठ्या जातीच्या उंदराला साधारण बारा मिलिमीटर पुरतात. समजा शेड ३० मीटर लांब आणि १० मीटर रुंद आहे, म्हणजे घेर ८० मीटर. खालचा पत्रा आणि कट्टा यांच्यात सगळीकडे एक सेंटिमीटर फट राहिली, तर एकूण ०.८ चौरस मीटर उघडी जागा होते, छोट्या खिडकीएवढी! पन्हळी पत्र्याच्या लाटांखाली ती सहज राहते, म्हणून तिथे आधी पाहा.

ही फट नुसत्या स्प्रे फोमने भरू नका. उंदीर तो एका रात्रीत कुरतडतो. आधी न गंजणारे स्टील वूल ठासा, मग वरून सिमेंट मसाला किंवा सीलंट लावा. लांब फटीवर सहा मिलिमीटर छिद्राची गॅल्व्हनाइज्ड जाळी पत्र्याला आणि कट्ट्याला घट्ट बसवा. बाहेरून बीळ पोखरत असतील, तर हीच जाळी ३० सेंटिमीटर खाली नेऊन तिथून ३० सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला वळवून मातीखाली पुरा. मात्र बंद करण्याआधी सापळे लावून आतले उंदीर पकडा. विष घातले तर ते थरातच मरतात आणि दुर्गंधी काढता येत नाही.

नवा थर बसवणार असाल तर मी 'उंदीर खात नाही' या दाव्यावर साहित्य निवडणार नाही. ग्लासवूल आणि रॉकवूल किडीला पोषण देत नाहीत, पण उंदीर त्यांत घरटे करतातच. खरे संरक्षण आवरणाचे असते. पत्र्याचे आवरण असलेले पॅनेल घ्या आणि कापलेली प्रत्येक कड, वायरचे भोक, दाराची चौकट यांवर पत्र्याची पट्टी मारा, कारण किडी आणि उंदीर बहुधा कडेनेच शिरतात. हाताशी पैसे कमी असतील तर निदान खालचे ६० सेंटिमीटर गुळगुळीत पत्र्याने झाका. उघडा फोम आगीच्या दृष्टीनेही धोकादायक आहे, आणि उंदरांनी कुरतडलेली वायर त्याच थरात असू शकते, म्हणून वायरिंग नळीतूनच न्या.

वाळवीसाठी एकच नियम पाळा: फोम मातीला टेकू देऊ नका. ती फोम पचवत नाही, पण त्याआडून न दिसता लाकडी वाशापर्यंत पोचते. जमिनीपासून १५ सेंटिमीटर कट्टा उघडा ठेवला, तर मातीच्या नळ्या बाहेर दिसतात. दर महिन्याला फेरी मारताना तेवढी पट्टी पाहा. नळी दिसली की ती खरवडून टाकण्याआधी कुठून येते आणि कुठे जाते हे शोधा आणि उपचार मुळाशी, मातीत करा.