अनोळखी मार्गदर्शकाला पहिला ईमेल: चार ओळी कशा लिहाव्यात

ठाण्यातल्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. दर वर्षी प्रोजेक्टच्या दिवसांत मुले एखाद्या संशोधकाला लिहायचा ईमेल दाखवायला आणतात. ज्यांना आपण ओळखत नाही आणि ज्यांच्याकडून काही शिकायचे आहे, अशा माणसाला पहिल्यांदा लिहायचे असते. यंदा ऐरोलीहून येणारी तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी असाच मसुदा घेऊन आली. तो दोन दिवसांत कसा बदलत गेला, ते इथे टप्प्याटप्प्याने सांगतो. तुमचा विषय वेगळा असला तरी क्रम हाच ठेवा.

तिला लिहायचे होते वाशीत राहणाऱ्या एका ज्येष्ठ संशोधक बाईंना. कांदळवनांवर त्यांनी बरीच वर्षे काम केले आहे. मसुदा असा होता:

> आदरणीय महोदया, सविनय नमस्कार. मी वनस्पतिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षात शिकत असून मला लहानपणापासून निसर्गाची अत्यंत आवड आहे. आपले कांदळवनांवरील कार्य प्रेरणादायी आहे. आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी मिळाल्यास मी आपली सदैव ऋणी राहीन. सोबत बायोडेटा जोडला आहे. कृपया कळवावे.

भाषेत एकही चूक नाही, नम्रताही आहे. मी तिला ‘कांदळवन’ खोडून तिथे ‘मधमाशी’ लिहायला सांगितले. मजकूर तसाच्या तसा चालला, बाकी एक शब्दही बदलावा लागला नाही. हा ईमेल कोणीही कोणालाही पाठवू शकतो, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या दोन ओळींतच कळते. आपला मसुदा तपासायची याहून सोपी युक्ती मला माहीत नाही.

लिहिण्याआधी अडलेली जागा शोधा

मी तिला विचारले, ‘बाईंनी उद्या फोन केला आणि म्हणाल्या, बोल, काय हवंय? तर काय सांगशील?’ ती गप्प झाली. मग काय काम करते आहेस, असे विचारल्यावर मात्र भराभर बोलायला लागली.

ओहोटी लागली की ती खाडीकाठी जाते. पीव्हीसी पाइपची एक मीटर लांब-रुंद चौकट चिखलावर ठेवते आणि आत तिवराची किती श्वसनमुळे वर आली आहेत ते मोजते. तिवराची ही मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी सरळ वर येतात. चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून झाड त्यांच्यातून श्वास घेते. १२ चौकटी मोजून झाल्या होत्या. त्यांतल्या ५ चौकटींत भरतीने आणलेले प्लास्टिक मुळांवर अडकले होते. ते काढून मोजायचे की दिसतात तेवढीच मुळे मोजायची? काढले तर झाडाची खरी मुळे कळतील, पण खाडीची आजची अवस्था नोंदीतून जाईल. न काढता मोजले तर उलट होईल. इथे तिचे काम थांबले होते.

हाच तिच्या ईमेलचा गाभा. पण मसुद्यात त्याचा मागमूस नव्हता. ‘इतका लहान प्रश्न एवढ्या मोठ्या बाईंना कसा विचारायचा?’ असे तिला वाटत होते. जाणकाराला मात्र लहान प्रश्नाचेच उत्तर देता येते. ‘मला मार्गदर्शन करा’ या वाक्याला उत्तर देण्यासाठी त्याला आधी तुमचे वर्षभराचे ओझे उचलावे लागते, आणि अनोळखी माणसासाठी ते कोणी उचलत नाही. म्हणून पहिल्या ईमेलमध्ये ‘मार्गदर्शन’ हा शब्दच येऊ देऊ नका.

चार ओळी, पण तिसरीपासून सुरुवात

चार ओळी म्हणजे चार मुद्दे धरा, एका मुद्द्याला एक-दोन वाक्ये. लॅपटॉपवरच्या चार ओळी फोनवर दहा-बारा होतात, आणि पहिले वाचन बहुधा फोनवरच होते. सगळे मिळून सत्तर-ऐंशी शब्द पुरतात.

तिसरी ओळ आधी लिहा. तिच्यात दोन गोष्टी जोडायच्या असतात: त्या व्यक्तीचे एखादे नेमके काम आणि तुमची अडचण. या मुलीने बाईंचे एक व्याख्यान ऐकले होते. गाळ फार साचला की श्वसनमुळे गाडली जातात आणि झाड गुदमरते, हे त्यात आले होते. मग ‘आपले कार्य प्रेरणादायी आहे’ कशाला? तो गाळाचा मुद्दाच लिहावा. आपण काय ऐकले हे कळले की आदर वेगळा सांगावा लागत नाही. व्याख्यान ऐकले नसेल, तर त्यांचा एखादा लेख वाचा. लेख नुसता चाळला असेल तर त्याचे नाव घेऊ नका. उत्तरादाखल पहिला प्रश्न त्याच लेखावर येतो.

मग दुसरी ओळ: आतापर्यंत काय केले. इथे विशेषणे काढून आकडे ठेवा. ‘सखोल अभ्यास’ म्हणजे काय ते कोणाला कळत नाही, ‘१२ चौकटी’ कळतात. आकडा लहान आहे म्हणून लपवू नका, फुगवू तर अजिबात नका. याच ओळीत वाचणाऱ्याच्या मनात येणारी पहिली शंका फेडा. कांदळवनाच्या बाबतीत ती शंका परवानगीची असते. ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि कांदळवनात शिरून नमुने किंवा मोजमाप घ्यायचे तर वनविभागाची परवानगी लागते. बाईंनी ‘चौकटीत मुळे मोजते’ एवढेच वाचले असते, तर मुलगी परवानगीशिवाय आत शिरते की काय हे आधी मनात आले असते. परवानगी कॉलेजमार्फत घेतलेली होती, पण मसुद्यात तिचा उल्लेख नव्हता. तुमच्या क्षेत्रातली पहिली शंका कोणती, हे आपल्या शिक्षकांना किंवा वरच्या वर्गातल्या कोणाला विचारून घ्या.

पहिली ओळ सर्वांत सोपी: कुठे राहता, काय शिकता किंवा काय काम करता. दहावीचे टक्के, छंद, लहानपणीची आवड इथे नको. गाव मात्र सांगा. ऐरोली म्हटल्यावर खाडीचा कुठला काठ हे बाईंना लगेच कळते.

चौथी ओळ मागण्याची, आणि चूकही इथेच सहज होते. मुलीने आधी लिहिले, ‘आपल्याला भेटायला केव्हा येऊ?’ ऐरोलीहून वाशी ट्रान्सहार्बर लोकलने जवळ आहे, त्यामुळे तिला ते सहज वाटले. पण समोरच्याला घर आवरावे लागते, चहा करावा लागतो, तासभर मोकळा ठेवावा लागतो. दहा मिनिटांचा फोन मागा. तोही जमला नाही तर काय चालेल, ते आपणच सांगा. नाही म्हणायची वाट मोकळी असली की माणूस उत्तर देतो. ती नसली तर ईमेल ‘सवडीने बघू’ म्हणून खाली जातो आणि तिथेच राहतो.

मायन्याबद्दल थोडे. शाळेत शिकलेले ‘सा. न. वि. वि.’ घरच्या पत्रात शोभते, अर्जात ‘महोदया’ चालते. इथे ‘नमस्कार मॅडम’ किंवा ‘नमस्कार सर’ पुरे. पण संबोधन शेवटपर्यंत एकच ठेवा. वर ‘आपण’ आणि खाली ‘तुम्ही’ झाले की मजकूर दोन ठिकाणांहून उचलल्यासारखा दिसतो.

दुसऱ्या दिवशी तयार झालेला ईमेल असा:

> विषय: तिवरांची श्वसनमुळे मोजताना प्लास्टिकचा प्रश्न, ऐरोली
>
> नमस्कार मॅडम,
>
> मी ऐरोलीत राहते आणि ठाण्यातल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजमार्फत वनविभागाची परवानगी घेऊन मी नोव्हेंबरपासून खाडीकाठी एक मीटर बाजूच्या चौकटीत तिवरांची श्वसनमुळे मोजते आहे. आतापर्यंत १२ चौकटी झाल्या. गाळाखाली ही मुळे कशी गुदमरतात हे तुम्ही ठाण्यातल्या व्याख्यानात सांगितले होते, पण माझ्या ५ चौकटींत मुळांवर प्लास्टिक अडकले आहे. ते काढून मोजावे की आहे तसेच, हे मला ठरवता येत नाही. याबद्दल येत्या दोन आठवड्यांत दहा मिनिटे फोनवर बोलता येईल का. वेळ नसेल तर उत्तरादाखल एक ओळही मला पुरेल.
>
> (पूर्ण नाव, मोबाइल क्रमांक)

यात ‘तिवर’च्या जागी ‘मधमाशी’ घालून बघा. पहिल्या ओळीपुढे जाताच येत नाही.

पाठवण्यापूर्वी

विषयाची ओळ रिकामी किंवा ‘विनंती’ एवढीच नको. फोनच्या यादीत नाव, विषय आणि मजकुराचे पहिले काही शब्द दिसतात, तेवढ्यावरच उघडायचे की नाही ते ठरते. तुमच्या ईमेल खात्याला शाळेत असताना दिलेले गमतीचे नाव अजून असेल, तर ते बदला.

मजकूर वर्डमधून उचलून चिकटवला की नावाचा अक्षर-आकार वेगळा आणि बाकीचा वेगळा, असे होते. मग एकच मजकूर दहा जणांना नाव बदलून पाठवल्यासारखा दिसतो, तुम्ही तसे केले नसले तरी. `Ctrl+Shift+V` ने चिकटवा, म्हणजे फक्त अक्षरे येतात. मराठी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केली असेल तर समोर निरर्थक चिन्हे उमटतात, म्हणून आधी स्वतःलाच पाठवून फोनवर उघडून बघा. बायोडेटा पहिल्या ईमेलला जोडू नका, मागितला तर द्या. आणि एका वेळी एकाच व्यक्तीला लिहा.

उत्तर आले नाही तर दहा दिवस थांबा, मध्ये गणपती किंवा दिवाळी असेल तर आणखी थोडे. मग त्याच ईमेलला उत्तर म्हणून दोन ओळी लिहा. त्यात ‘आठवण करून देत आहे’ एवढेच नको, काम कुठवर आले ते सांगा: ‘आता १६ चौकटी झाल्या, प्रश्न तोच आहे.’ तरीही काही आले नाही, तर दुसऱ्या जाणकाराला लिहा. तिसऱ्यांदा त्याच दारावर टकटक नको.

या मुलीला आठव्या दिवशी उत्तर आले, फोन नव्हे, दीड ओळ: आधी आहे तसे मोजा, मग प्लास्टिक काढून पुन्हा मोजा, आणि दोन्ही आकडे वेगळ्या रकान्यांत लिहा. पुढच्या ओहोटीला तिने त्या ५ चौकटी दोन्ही पद्धतींनी मोजल्या, चिखलाने भरलेल्या वहीच्या पानाचा फोटो काढला आणि त्याच संध्याकाळी बाईंना पाठवला. खाली लिहिले होते, ‘मॅडम, एका चौकटीत प्लास्टिकखाली मुळे काळी पडली आहेत. ती जिवंत धरू का?’ या वेळी बाईंनी फोन केला.